क्रीम मुरलं की नुसतं वाळलं? दोन थरांमध्ये किती थांबायचं

विश्रामबागेतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक छोटी काच ठेवलेली असते. कुणी "सिरम लावल्यावर किती वेळ थांबू?" असं विचारलं की मी टेस्टरमधले दोन थेंब त्या काचेवर टाकते, बोटाने पसरवते आणि म्हणते, आता बिल होईपर्यंत बघत राहा. डोक्यावर पंखा असतो. चार-पाच मिनिटांत थेंब दिसेनासे होतात, काच जरा चिकट लागते आणि मग तेवढंही जाणवत नाही. "बघा, मुरलं!" असं गिऱ्हाईक म्हणतं. आता काच काही पीत नाही. पाणी उडून गेलं आणि उरलेल्याचा पातळ थर वर बसला, एवढंच झालं.

चेहऱ्यावरही पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक हेच होतं. आपण ज्याला मुरणं म्हणतो ते असतं वाळणं. खरं मुरणं त्यानंतर सुरू राहतं आणि ते लोणच्याच्या चालीने होतं. कातडीचा सगळ्यात वरचा थर हा मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यातून औषध खाली झिरपायला तास लागतात. वर बसलेला पातळ थर साठ्यासारखं काम करतो आणि त्यातून थोडंथोडं आत जात राहतं. तुम्ही २ मिनिटं थांबा की १५, त्या साठ्यात फारसा फरक पडत नाही. वरून मॉइश्चरायझर लावलं म्हणून खालच्या सिरमची वाटही बंद होत नाही. उलट वर व्हॅसलीनसारखं काही जाड लावलं तर खालचं जास्तच आत जातं.

मग थांबायचंच नाही का? थांबायचं, पण दोनच ठिकाणी. नवीन माणसाची चूक नेमकी इथे होते. तो बाकी सगळीकडे थांबतो आणि या दोन ठिकाणी घाई करतो.

माझ्या भाचीचंच सांगते. ती मिरजेला राहते, कॉलेज सांगलीला, साडेसातला स्कूटी घेऊन बाहेर पडते. कुठल्याशा रीलमध्ये बघून तिने वेळापत्रक केलं होतं: टोनरनंतर ५ मिनिटं, व्हिटॅमिन सी नंतर १५, नायसिनामाइडनंतर ५, मॉइश्चरायझरनंतर १०. एकूण ३५ मिनिटं नुसतं थांबण्यात. त्यासाठी पावणेसहाचा गजर. एवढं करूनही तोंड काळवंडतं म्हणून ती माझ्याकडे आली, आणि येताना तिचा काळा स्कार्फही घेऊन आली. स्कार्फच्या आतल्या बाजूला, बरोबर नाक आणि गालांची हाडं टेकतात तिथे, पांढरट डाग होते. वहिनी रोज तो धुवायची आणि पावडर सांडली म्हणून हिलाच बोलायची. पावडर कसली, ते सनस्क्रीन होतं. ही पोरगी ३५ मिनिटं थांबून शेवटी घाईघाईत ७.२५ ला दारात उभी राहून सनस्क्रीन फासायची आणि ७.२६ ला त्यावर स्कार्फ आवळायची. जिथे थांबायला हवं तिथे एक मिनिट.

सकाळचा क्रम

आधी तोंड धुवायचं. फेसवॉश सौम्य असेल तर त्यानंतर थांबायचं कारण नाही. पीएचची काळजी करणाऱ्यांना मात्र एक सांगते. व्हिटॅमिन सी म्हणजे एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड हे आम्ल आहे आणि ते कातडीत नीट जावं म्हणून बाटलीत त्याचा पीएच ३.५ च्या खाली ठेवावा लागतो. वरून लगेच क्रीम लावलं तर तो बिघडेल म्हणून १५ मिनिटं थांबा, असं सांगणारे खूप आहेत. पण बहुतेक मॉइश्चरायझर स्वतःच किंचित आम्लधर्मी असतात आणि पीएच ओढून न्यायची ताकद त्यांच्यात फार थोडी असते. नेहमीच्या साबणाच्या वडीचा पीएच मात्र ९-१० असतो. त्या वडीने तोंड धुतलं की कातडीचा पीएच वर जातो आणि तो परत खाली यायला बराच वेळ लागतो. म्हणजे १५ मिनिटांचं एवढं मनावर घेणाऱ्याने आधी वडी बदलावी.

तोंड टिपून कोरडं केलं की व्हिटॅमिन सीचे ३-४ थेंब. बोटांनी पसरवा आणि मिनिट-दीड मिनिट द्या. इथे घड्याळ नको, हात वापरा. हाताची मागची बाजू गालाला टेकवा. ती ओली झाली किंवा घसरली तर अजून थोडं थांबा. किंचित चिकटली पण ओली झाली नाही, तर पुढे जा. पावसाळ्यात, कृष्णेला पाणी चढलेलं असतं त्या दिवसांत, हवाच इतकी दमट असते की हेच सिरम वाळायला दुप्पट वेळ घेतं. एप्रिलच्या उन्हाळ्यात ते लावता लावता वाळतं. म्हणून मिनिटांचा आकडा पाठ करून उपयोग नाही.

मॉइश्चरायझरची गोष्ट उलटी आहे. तिथे थांबणं म्हणजे नुकसान. ते पाणी आत टाकत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. आंघोळीनंतर कातडी दमट असताना, पहिल्या दोन-तीन मिनिटांत लावलं तर ते पाणी धरून ठेवतं. हायलुरॉनिक अॅसिडचं सिरमही असंच, ओलसर चेहऱ्यावर लावावं आणि वरून लगेच क्रीम. "प्रत्येक थर पूर्ण कोरडा होऊ दे" हा नियम इथे लावला तर चेहरा ओढल्यासारखा होतो आणि मग लोक क्रीमलाच दोष देतात.

आता पहिलं खरं थांबण्याचं ठिकाण: सनस्क्रीनच्या अलीकडे थोडं आणि पलीकडे जास्त.

सनस्क्रीन हे मुरायचं औषधच नाही. ते कातडीवर राहून काम करतं. भिंतीला डिस्टेंपर देतो तसं समजा. ओल्या भिंतीवर रंग दिला तर तो खालच्या ओलीत मिसळतो, कुठे जाड बसतो तर कुठे भिंत दिसत राहते. मॉइश्चरायझर ओलं असताना वरून सनस्क्रीन घासलं की नेमकं असंच होतं. थराला अशी विरळ जागा राहिली की ऊन तिथूनच आत येतं, बाकीचा थर कितीही जाड असो. म्हणून मॉइश्चरायझरनंतर ५ मिनिटं द्या, हाताच्या मागच्या बाजूची परीक्षा करा आणि मग सनस्क्रीन. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र कालवून लावायची पद्धत मात्र सोडून द्या. त्यात सनस्क्रीन पातळ होतं आणि त्याचा थर धरणारी घडणच मोडते.

पलीकडचं थांबणं १५ मिनिटांचं. ट्यूबवर "उन्हात जाण्याआधी १५ मिनिटं लावा" असं लिहिलेलं असतं. ते अनेकांना वाटतं तसं आत मुरण्यासाठी नसतं. त्यातलं पाणी आणि उडणारे घटक निघून जाऊन वर सलग थर बसावा, म्हणून असतं. एसपीएफ मोजतात त्या चाचणीतही सनस्क्रीन लावल्यावर १५ ते ३० मिनिटं थांबतात आणि मगच दिवा लावतात. म्हणजे ट्यूबवरचा ५० चा आकडा हा वाळलेल्या थराचा आहे.

काउंटरवर याला जोडून हमखास येणारा प्रश्न असतो: केमिकल सनस्क्रीनला थांबावं लागतं, झिंकवाल्याला नाही, हे खरं का? अर्धवट. झिंक ऑक्साइड आरशासारखं ऊन परतवतं ही समजूत जुनी आहे. तेही मुख्यतः अतिनील किरण शोषून घेतं, परतवतं फार थोडं. आणि केमिकल फिल्टरला काम करायला कातडीच्या आत जावं लागत नाही, त्यालाही वरच राहायचं असतं. दोघांनाही सलग थर हवा, आणि दोन्ही ओले असताना पुसले गेले तर दोन्ही वाया जातात. म्हणून दोघांनाही १५ मिनिटं द्या, म्हणजे घोळ नको.

किती लावायचं, हे थांबण्याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं. चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरला तर १.२ ग्रॅम झाले. पहिल्या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढल्या की चेहरा आणि मानेची सोय होते. आता हिशेब करा. ५० ग्रॅमची ट्यूब फक्त चेहऱ्याला रोज १.२ ग्रॅमने जेमतेम ४१ दिवस जाते. एक बाई मला कौतुकाने सांगत होत्या की त्यांची ट्यूब चार महिने पुरते. १२० दिवसांना ५० ग्रॅम म्हणजे रोज ०.४२ ग्रॅम, लागतं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. त्यांनी कितीही मिनिटं थांबून उपयोग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर ५० चा थर कधी बसलाच नव्हता.

दोन रेघा एकदम लावल्या तर चेहरा पांढराफटक दिसतो, म्हणून अर्धं लावा, मिनिटभर थांबा आणि उरलेलं लावा. दुसऱ्या वेळी चोळू नका, बोटांनी टेकवत पसरवा. नाहीतर पहिला थर उचकटतो.

वळ्या निघतात तेव्हा

नवीन मंडळींची दुसरी तक्रार: सनस्क्रीन लावताना अंग चोळल्यावर मळ निघावा तशा पांढऱ्या वळ्या सुटतात. तो मळही नाही आणि "उत्पादन सूट होत नाही" असंही दर वेळी नाही. सिरममध्ये दाटपणा आणायला घातलेले डिंकासारखे घटक आणि सनस्क्रीनमधलं सिलिकॉन यांचा थर एकमेकांवर घासला की तो सोलून गुंडाळला जातो. कारण शोधायला तीन सकाळ खर्च करा, आणि चेहऱ्याऐवजी कोपराखालच्या हातावर करा म्हणजे कॉलेजला उशीर होणार नाही. पहिल्या दिवशी सगळं नेहमीसारखं, फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनमध्ये १० मिनिटं जाऊ द्या. वळ्या गेल्या तर दोष घाईचा होता. दुसऱ्या दिवशी खालचं सिरम अर्धंच घ्या. वळ्या गेल्या तर दोष प्रमाणाचा. तिसऱ्या दिवशी सिरम वगळून नुसतं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. तेव्हा गेल्या तर त्या सिरमची आणि सनस्क्रीनची जोडी जमत नाही, सिरम रात्रीला न्या. भाचीच्या हातावर दुसऱ्या दिवशीच उत्तर मिळालं. ती ड्रॉपर भरून सिरम घेत होती.

वळ्या निघाल्या त्या सकाळी वरून आणखी सनस्क्रीन थापून उपयोग नसतो. वळीबरोबर खालचा थर गेलेला असतो. ओल्या कापडाने पुसून फक्त सनस्क्रीन पुन्हा लावावं.

रात्रीचं एक थांबणं

दुसरं खरं ठिकाण रात्रीचं, आणि ते फक्त ट्रेटिनॉइन लावणाऱ्यांसाठी. हे मुरमांवरचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे. "वांगाचं क्रीम द्या" म्हणून नुसती नावं सांगत येणाऱ्यांना मी ते देत नाही, कारण त्या नावांतल्या बऱ्याच ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइडही असतं आणि ते महिनोन्महिने लावून चेहऱ्याची वाट लागलेली मी पाहिली आहे. गरोदरपणात किंवा दिवस राहण्याचा विचार असताना ट्रेटिनॉइन लावायचं नाही, हेही इथेच सांगून टाकते.

ट्रेटिनॉइनच्या माहितीपत्रकात तोंड धुतल्यावर २० ते ३० मिनिटं थांबून मग लावा असं लिहिलेलं असतं. कारण साधं आहे. ओली कातडी फुगलेली असते, औषध तिच्यातून भराभर आत जातं आणि आग होते. जास्त गेलं म्हणजे जास्त गुण आला, असं होत नाही. चेहरा सोलतो आणि माणूस दहाव्या दिवशी औषध सोडून देतो.

आमच्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचं असंच झालं. डॉक्टरांनी ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन दिलेलं. त्या रात्री भांडी आवरून तोंड धुवायच्या, टॉवेलने पुसायच्या आणि त्याच पावली क्रीम लावायच्या. पाचव्या दिवशी नाकाच्या दोन्ही कडा, ओठांचे कोपरे आणि हनुवटी लाल, आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुर. आधी कोपरे जातात, ही ट्रेटिनॉइनच्या अतिरेकाची ओळखायची खूण. कातडी तिथे पातळ असते आणि पाणी तिथेच साचून राहतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. चार रात्री औषध बंद आणि नुसतं साधं मॉइश्चरायझर, मग एक दिवसाआड, असं ठरलं. क्रमही बदलला. तोंड आधी धुवायचं, मग भांडी, मग उद्याच्या डब्याची भाजी निवडायची, आणि त्यानंतर मटारच्या दाण्याएवढं क्रीम पूर्ण चेहऱ्याला. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके देऊन पसरवायचं आणि कोपऱ्यांना आधी व्हॅसलीनचं बोट. पाचेक मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर. तरीही आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि मग ट्रेटिनॉइन असा उलटा क्रम चालतो. जोर थोडा कमी होईल, पण औषध सुटणार नाही. त्यांच्या बाबतीत थांबण्याचा वेगळा वेळ काढावाच लागला नाही, तो भांड्यांत गेला.

ट्रेटिनॉइनच्याच जातीच्या अॅडापेलीनला असा अर्ध्या तासाचा आग्रह नाही. तोंड पूर्ण कोरडं असलं की पुरे.

एक गोष्ट मात्र थांबून सुटत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन. मुरमांसाठी दोन्ही दिली जातात, आणि लोक विचारतात, मध्ये अर्धा तास गेला तर चालेल ना? बेन्झॉइल पेरॉक्साइड ट्रेटिनॉइनला मोडतं, आणि ते अर्ध्या तासानेही कातडीवरच असतं. म्हणून डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर एक सकाळी, एक रात्री. अॅडापेलीन त्याच्यासमोर टिकतं, म्हणूनच त्या दोघांची एकत्र ट्यूबही मिळते.

भाचीची नवी सकाळ

तिचा गजर पावणेसहावरून साडेसहावर आला. टोनर बंद केला, त्याचं काही कामच नव्हतं. नायसिनामाइड मॉइश्चरायझरमध्येच होतं, म्हणून वेगळी बाटलीही गेली. ६.५० ला तोंड धुवायचं, ६.५२ ला व्हिटॅमिन सी, ६.५४ ला मॉइश्चरायझर. मग चहा. ७ ला सनस्क्रीनचा पहिला हात, ७.०२ ला दुसरा, मानेसकट. त्यानंतर पोहे, बॅग, केस. ७.२५ पर्यंत थराला वीसेक मिनिटं मिळतात आणि ती स्वतः आरशासमोर एकदाही घड्याळ बघत उभी नसते.

स्कार्फ सोडायचा प्रश्न नव्हता. मिरज रस्त्याची धूळ मी पण खाल्ली आहे, आणि कापड ऊनही अडवतं. फक्त बांधायची पद्धत बदलली. पूर्वी एक टोक गालावर धरून दुसरं तोंडावरून ओढत मागे न्यायची, त्यात थर खरवडून निघायचा. आता आधी कापड चेहऱ्यावर ठेवते आणि मग दोन्ही टोकं मागे नेऊन गाठ मारते. वाळलेला थरही घासून काही प्रमाणात जातोच, म्हणून कॉलेजात पोचल्यावर नाक आणि गालांवर पुन्हा एक हात, आणि बाहेर मैदानावर असेल तर दर दोन तासांनी.

पंधरा दिवसांनी तिला पुन्हा काळा स्कार्फ घेऊन बोलावलं. नाकाच्या जागी एक पुसट डाग होता, गालांच्या जागी काही नव्हतं. मी खूश झाले, तिचं तोंड मात्र फुगलेलं.

"आत्या, ट्यूब अर्धी संपली गं."

"पंधरा दिवसांत? मग मानेलापण बरोबर लावतेयस."

"आणि पुढची कोण देणार?"

दुकान माझंच असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं.